जन्मतारीख महिन्याची 1 असेल तर निवृत्ती कधी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मार्च संपत आला की नाशिकमधल्या सरकारी कार्यालयांतून, जिल्हा परिषदेतून आणि शाळांतून आमच्याकडे तोच प्रश्न फिरून येतो: "जन्म 1 तारखेचा आहे, ऑर्डर कोणत्या तारखेची निघणार?" नातेवाईक वाढदिवस धरून बेत करतात, कार्यालय एक महिना आधीची तारीख सांगते आणि घरात गोंधळ उडतो. असे आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. माझी जन्मतारीख 1 जून 1968 आहे. मी 31 मे 2026 ला निवृत्त होणार की 30 जून 2026 ला?

31 मे 2026 ला, मध्यान्होत्तर. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधला नियम 10 लागू होतो. ज्या महिन्यात 58 वर्षे पूर्ण होतात, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी कर्मचारी निवृत्त होतो. तुमची 58 वर्षे 31 मे 2026 ला पूर्ण होतात, म्हणून तुमचा महिना मे. 1 जूनला वाढदिवस असला तरी त्या दिवशी तुम्ही 59 व्या वर्षात पाऊल टाकलेले असते.

केंद्र सरकारच्या मूलभूत नियम 56 मध्ये ही गोष्ट परंतुक जोडून स्पष्टच लिहिली आहे: महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होईल. राज्यातही तारीख अशीच काढली जाते.

2. वाढदिवस 1 तारखेला आहे, मग वय 31 तारखेलाच कसे पूर्ण होते?

कारण जन्माचा दिवस हा वयाचा पहिला पूर्ण दिवस म्हणून मोजला जातो, मग जन्म रात्री साडेअकराला झालेला का असेना. 1 जून 1968 हा पहिला दिवस धरला तर पहिले वर्ष 31 मे 1969 ला संपते आणि 1 जून 1969 ला दुसरे वर्ष लागते. असेच मोजत गेलो की 58 वे वर्ष 31 मे 2026 च्या रात्री संपते.

हा काही बाबू लोकांनी काढलेला हिशेब नाही. भारतीय सज्ञानता अधिनियम, 1875 मध्येही जन्माचा दिवस पूर्ण धरायला सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये प्रभू दयाल सेस्मा विरुद्ध राजस्थान राज्य या प्रकरणात हाच नियम लावला. उमेदवाराचा जन्म 2 जानेवारी 1956 चा होता आणि 1 जानेवारी 1984 ला वय 28 पूर्ण झालेले नसावे, अशी परीक्षेची अट होती. उमेदवाराचे म्हणणे होते की आपण 2 तारखेला 28 चे होतो. न्यायालयाने सांगितले की 28 वर्षे 1 तारखेलाच पूर्ण झाली. एका दिवसाने तो अपात्र ठरला. निवृत्तीच्या वादांत या निकालाचा आधार आजही घेतला जातो.

3. हिशेब असाच असेल तर 2 जूनला जन्मलेल्याचेही वय 1 जूनला पूर्ण होते. मग त्याला महिनाभर जास्त नोकरी का मिळते?

त्याचेही वय आदल्या दिवशीच पूर्ण होते, पण तो आदला दिवस जूनमध्येच येतो. निवृत्ती महिनाअखेरीला असल्याने 2 ते 30 जूनमध्ये जन्मलेले सगळे 30 जूनला निवृत्त होतात. 1 जूनवाल्याचा आदला दिवस तेवढा मागच्या महिन्यात जातो. वय मोजण्याची रीत दोघांना एकच आहे. फरक पडतो तो महिनाअखेरीच्या सोयीमुळे.

म्हणून 1 तारखेवाल्यांवर अन्याय होतो, अशी तक्रार आम्ही पुष्कळ ऐकतो. खरे पाहिले तर 1 तारखेवाला बरोबर 58 वर्षांनी घरी जातो आणि बाकीच्यांना काही दिवसांची मुदतवाढ मिळते. 2 तारखेवाल्याला ती जवळजवळ महिनाभर मिळते, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी तुलना केली की टोचते.

4. 58 कुणाला आणि 60 कुणाला?

राज्य शासनाच्या गट अ, ब आणि क मधल्या बहुतेकांना 58, गट ड म्हणजे शिपाई, चौकीदार वगैरे पदांना 60. जिल्हा परिषदेचे कर्मचारी व प्राथमिक शिक्षक 58, खासगी अनुदानित माध्यमिक शाळांतले शिक्षक व लिपिक 58 आणि तिथले शिपाई 60. केंद्र सरकारची नोकरी असेल, म्हणजे रेल्वे, टपाल किंवा देवळालीच्या संरक्षण आस्थापनांतले नागरी कर्मचारी, तर 60.

वय कोणतेही असो, 1 तारखेचा हिशेब तोच. 1 जून 1968 ला जन्मलेला लिपिक 31 मे 2026 ला जाईल आणि त्याच तारखेचा शिपाई 31 मे 2028 ला. राज्यात सर्वांना 60 करा ही मागणी जुनी आहे. ती मान्य झाली तर वर्ष बदलेल, महिना तोच राहील.

5. माझा जन्म 1 मार्च 1970 चा आहे. निवृत्ती 28 फेब्रुवारी की 29?

29 फेब्रुवारी 2028, कारण 2028 हे लीप वर्ष आहे. आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस जो असेल तो. सेवापुस्तकात सवयीने 28 लिहिलेले असेल तर आताच दुरुस्त करून घ्या, नाहीतर पेन्शन प्रकरणात एका दिवसाच्या सेवेचा आक्षेप येतो.

6. आमच्या कार्यालयात इतक्या लोकांची जन्मतारीख 1 जूनच कशी?

शाळेमुळे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या पाड्यांवर काय किंवा निफाड, सिन्नरच्या गावांत काय, जन्माची नोंद करण्याची सवय सगळ्यांना नव्हती. जूनमध्ये शाळा भरली की वडील मुलाला घेऊन यायचे, "कांद्याच्या काढणीत झाला" एवढे सांगायचे आणि गुरुजी वय बसेल असे वर्ष धरून जनरल रजिस्टरला 1 जून टाकायचे. तीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आली, तिथून सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर. म्हणून महाराष्ट्रात 31 मे हा निवृत्तीचा सर्वांत गर्दीचा दिवस असतो. त्या आठवड्यात कुठल्याही कार्यालयात शाली आणि नारळ कमी पडतात.

1 जुलैचेही काही जण असतात आणि तिथे कारण वेगळे असू शकते. महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियम, 1981 च्या नियम 38 प्रमाणे, जन्माचे फक्त वर्ष माहीत असेल तर 1 जुलै ही जन्मतारीख धरतात. वर्ष आणि महिना माहीत असेल पण दिवस नसेल, तर त्या महिन्याची 16 तारीख धरतात. म्हणजे गुरुजींनी जूनमध्ये 1 तारीख न घालता नुसता महिना लिहिला असता, तर याच माणसाची तारीख 16 जून झाली असती आणि तो 30 जूनला निवृत्त झाला असता.

7. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत माझी तारीख 14 जून आहे, दाखल्यावर मात्र 1 जून. निवृत्तीला आठ महिने उरले आहेत. तारीख बदलून मिळेल का?

स्पष्ट सांगायचे तर नाही. नियम 38 खाली नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. सेवेच्या शेवटी केलेल्या अर्जांना न्यायालयेही दाद देत नाहीत. 1993 च्या हरनामसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय कर्मचाऱ्याची अशी उशिरा केलेली मागणी फेटाळली आणि तेव्हापासून हा निकाल अशा प्रत्येक प्रकरणात पुढे ठेवला जातो.

एक अपवाद तपासून पाहण्यासारखा आहे. दाखल्यावर 11 जून आहे आणि सेवापुस्तकात उतरवताना 1 जून झाले, अशी उघड लेखनिकाची चूक असेल तर ती दुरुस्त होऊ शकते. तिथे तुम्ही जन्मतारीख बदलत नसता, नोंद मूळ कागदाशी जुळवून घेत असता. त्यासाठी शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि नोकरीला लागताना दिलेल्या दाखल्याची प्रत लागेल. तुमच्या प्रकरणात दाखला आणि सेवापुस्तक दोन्ही 1 जूनच सांगतात, त्यामुळे ही वाट बंद आहे.

8. 31 मे 2026 ला रविवार आहे. मग निवृत्ती शुक्रवारी की सोमवारी?

रविवारीच. सुट्टीमुळे निवृत्तीची तारीख मागे किंवा पुढे सरकत नाही. पाच दिवसांच्या आठवड्यामुळे 30 मेचा शनिवारही सुट्टीचा, म्हणून कामाचा शेवटचा दिवस शुक्रवार 29 मे. निरोप समारंभ आणि टेबलावरची आवराआवर बहुतेक त्या दिवशी होईल, पण कार्यमुक्तीच्या आदेशावर 31 मे (म.नं.) हीच तारीख हवी. पगारही 31 दिवसांचा पूर्ण.

रोख रक्कम, धनादेश पुस्तक, भांडार अशा गोष्टी तुमच्या ताब्यात असतील तर त्यांचा कार्यभार शुक्रवारीच मोजून द्या आणि यादीवर सही घ्या. सोमवार 1 जूनला तुम्ही निवृत्तिवेतनधारक असता. त्या दिवशी कार्यालयाच्या कागदावर सही करणे बरोबर नाही.

9. जन्म 1 जुलै 1968. मी 30 जूनला जाणार आणि 1 जुलैला वेतनवाढ. वर्षभर काम करून ती वेतनवाढ बुडाली का?

एकेकाळी बुडायची. आता पेन्शनसाठी ती मिळते, काल्पनिक म्हणून. आमच्याकडे सर्वांत जास्त पत्रे याच प्रश्नाची येतात, म्हणून सविस्तर सांगतो.

वेतनवाढ मिळते ती मागच्या वर्षभराच्या सेवेबद्दल, पण तिची तारीख दुसऱ्या दिवशीची असते. 30 जूनला निवृत्त होणारा दुसऱ्या दिवशी नोकरीत नसतो, म्हणून वर्षानुवर्षे ती नाकारली गेली. 11 एप्रिल 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या वीज पारेषण निगमाच्या प्रकरणात (सी. पी. मुंडिनामणी) निकाल दिला की, वर्षभराच्या चांगल्या सेवेने कमावलेली वेतनवाढ केवळ दुसऱ्या दिवशी निवृत्त झाला म्हणून हिरावता येत नाही. महाराष्ट्राच्या वित्त विभागानेही 2023 मध्ये 30 जूनला निवृत्त होणाऱ्यांना काल्पनिक वेतनवाढ देण्याचा शासन निर्णय काढला.

आकड्यांत पाहू. समजा एस-13 स्तरावर तुमचे मूळ वेतन 60,400 रुपये आहे. मॅट्रिक्समधला पुढचा टप्पा 62,200. काल्पनिक वेतनवाढ न धरता पेन्शन निम्मे म्हणजे 30,200 होते, धरली तर 31,100. फरक महिन्याला 900 रुपये आणि त्यावर महागाई वाढ. ती प्रत्येक वेळी वाढत जाते, शिवाय वाढीव वेतनाचा परिणाम कुटुंब निवृत्तिवेतनावरही होतो.

मात्र 62,200 चा पगार हातात एक दिवसही पडणार नाही. म्हणूनच त्याला काल्पनिक म्हणतात. रजा रोखीकरण 60,400 वरच निघते (प्रश्न 10 पाहा).

दोन गोष्टी तपासा. पहिली, तुमची वेतनवाढीची तारीख खरोखर 1 जुलै आहे का. सातव्या वेतन आयोगापासून काहींची 1 जानेवारी आणि काहींची 1 जुलै असते. तुमची 1 जानेवारीला होऊन गेली असेल, तर 30 जूनला निवृत्त होताना वर्षभराची नवी वेतनवाढ जमा झालेली नसते आणि हा लाभ लागत नाही. दुसरी, पेन्शन प्रकरणासोबतच्या वेतननिश्चितीत कार्यालयाने काल्पनिक वेतनवाढीची नोंद सेवापुस्तकात घेतली आहे का. ती नसेल तर महालेखापाल कार्यालय आपणहून धरत नाही.

10. 30 जूनला निवृत्त झालो आणि जुलैपासूनचा महागाई भत्ता नंतर जाहीर झाला. मला फरक मिळेल का?

पेन्शनवरची महागाई वाढ मिळेल, कारण ती पेन्शनधारकांनाही लागू होते. रजा रोखीकरणात मात्र फरक मिळणार नाही. त्यासाठी निवृत्तीच्या दिवशी लागू असलेला दरच धरतात आणि 30 जूनला जानेवारीपासूनचा दर लागू असतो. जुलैचा दर पुढे पूर्वलक्षी प्रभावाने जाहीर झाला तरी तो 1 जुलैपासूनचाच.

2 जुलैला जन्मलेला सहकारी 31 जुलैला जातो. त्याला खरी वेतनवाढ मिळते आणि जुलैचा दरही लागतो. दोघांचीही 300 दिवसांची अर्जित रजा शिल्लक असेल, म्हणजे साधारण दहा महिन्यांच्या वेतनाइतके रोखीकरण होणार असेल, तर प्रश्न 9 मधल्या आकड्यांवर मूळ वेतनातल्या 1,800 च्या फरकामुळेच 18,000 रुपये होतात. महागाई भत्त्याचा फरक वेगळा. 1 तारखेवाल्याला खरा चटका बसतो तो इथे, आणि त्यावर सध्या उपाय नाही.

11. एका महिन्याने ग्रॅच्युइटीत फरक पडतो का?

बहुतेकांना पडत नाही, काहींना पडतो. ग्रॅच्युइटी पूर्ण सहामाहींवर मोजतात: प्रत्येक सहामाहीला वेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त साडेसोळा पट. उरलेले दिवस तीन महिने किंवा अधिक असतील तर आणखी एक सहामाही धरतात, कमी असतील तर सोडून देतात.

10 मार्च 1995 ला रुजू झालेले एक उदाहरण घेऊ. जन्म 1 जून 1968. 31 मे 2026 पर्यंत सेवा 31 वर्षे 2 महिने 22 दिवस. वरचे दिवस तीन महिन्यांच्या आत आहेत, म्हणून 62 सहामाही, म्हणजे वेतनाच्या साडेपंधरा पट. हाच जन्म 2 जूनचा असता तर 30 जूनपर्यंत सेवा 31 वर्षे 3 महिने 21 दिवस झाली असती. म्हणजे 63 सहामाही, पावणेसोळा पट. वेतन 60,400 धरून फक्त मूळ वेतनावर मोजले तरी 9,36,200 आणि 9,51,300, म्हणजे 15,100 रुपयांचा फरक.

ज्यांची सेवा 33 वर्षांहून जास्त आहे, त्यांनी हा हिशेब करत बसू नये. ते साडेसोळा पटीच्या मर्यादेला पोहोचलेले असतात. इतरांनी मात्र विनावेतन रजा आणि सेवाखंड नीट पाहावा. विनावेतन रजेतले काही दिवस वैद्यकीय प्रमाणपत्रावर मंजूर असूनही सेवापुस्तकात तशी नोंद नसल्यामुळे अर्हताकारी सेवेतून वगळले जातात. जे तीन महिन्यांच्या काठावर आहेत, त्यांची एक सहामाही अशा नोंदीवर जाऊ शकते.

12. 1 जानेवारीला जन्मलेल्यांना वेतन आयोगात फटका बसतो, हे खरे आहे का?

खरे आहे. वेतन आयोग 1 जानेवारीपासून लागू होण्याचा प्रघात पडला आहे: 1986, 1996, 2006, 2016. राज्याचा 1 जानेवारी 1958 ला जन्मलेला कर्मचारी 31 डिसेंबर 2015 ला निवृत्त झाला आणि जुन्या आयोगातला पेन्शनधारक ठरला. त्याची पेन्शन नंतर 2.57 ने गुणून सुधारली गेली. ग्रॅच्युइटी आणि रजा रोखीकरण मात्र जुन्या वेतनावरच राहिले. 2 जानेवारीवाला 31 जानेवारी 2016 ला गेला आणि नव्या वेतनावर सगळे घेऊन गेला.

"1 जानेवारीला माझा वाढदिवस, म्हणजे त्या दिवशी मी सेवेत होतो" हा युक्तिवाद टिकत नाही. कारण प्रश्न 2 मध्ये आहे. 1 जानेवारी 1968 चे राज्य कर्मचारी आणि 1 जानेवारी 1966 चे केंद्रीय कर्मचारी 31 डिसेंबर 2025 ला निवृत्त झाले. आठव्या आयोगाच्या बाबतीत त्यांनी स्वतःला आधीचे निवृत्त असेच धरावे.

13. मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन 1 तारीख मागितली तर?

स्वेच्छानिवृत्तीला महिनाअखेरीचे बंधन नाही, हे बरोबर. एस. बॅनर्जी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात कर्मचाऱ्याला 1 जानेवारी 1986 च्या मध्यान्हपूर्वीपासून स्वेच्छानिवृत्ती मंजूर झाली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला चौथ्या आयोगाचा लाभ दिला. त्यामुळे हा निकाल दाखवून अनेक जण आम्हाला विचारतात.

पण स्वेच्छानिवृत्तीची तारीख नियत वयोमानाच्या आधीची असावी लागते. 1 तारखेला जन्मलेला माणूस 58 पूर्ण झाल्यावर त्याच 1 तारखेची स्वेच्छानिवृत्ती मागू शकत नाही, कारण आदल्या दिवशीच तो निवृत्त झालेला असतो.

14. सेवापुस्तकात माझी निवृत्ती 30 जून लिहिली आहे, जन्म मात्र 1 जूनचा. गप्प बसलो तर चालेल का?

चालणार नाही आणि तोटा तुमचाच होईल. ही चूक अशी होते की लिपिक जन्माचा महिना बघतो, त्यात 58 मिळवतो आणि त्या महिन्याची अखेर टाकतो. तारखेचा आकडा 1 आहे हे नजरेतून सुटते. पुढे ज्येष्ठता यादीत आणि निवृत्तांच्या यादीत तीच तारीख छापली जाते. सेवार्थ किंवा शालार्थ प्रणालीतली तारीख आणि सेवापुस्तकातली तारीख वेगळी दिसली, तर बहुतेक वेळा कारण हेच असते.

समजा कुणाच्याच लक्षात आले नाही आणि तुम्ही जूनभर काम केले. तो महिना अर्हताकारी सेवेत धरला जात नाही, घेतलेल्या पगारावर वसुलीचा आक्षेप येतो आणि तो मिटेपर्यंत महालेखापालांकडून पेन्शन प्रकरण परत येते. नाशिकची प्रकरणे मुंबईच्या महालेखापाल कार्यालयात जातात, त्यामुळे एक फेरी चुकली तरी बरेच दिवस जातात. निवृत्तीच्या दोन वर्षे आधी सेवापुस्तक स्वतः पाहा आणि तारीख चुकली असेल तर कार्यालयप्रमुखांना लेखी अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्यायला विसरू नका.

15. मी अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत आहे. आम्हालाही आदल्या महिन्याची तारीख लागते का?

हे तुमच्या कंपनीच्या स्थायी आदेशांवर, करारावर किंवा नियुक्तिपत्रावर ठरते. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत कामगारांसाठी 60 वर्षे किंवा करारात ठरेल ते वय, अशी तरतूद आहे. म्हणून सातपूर-अंबडमध्ये एका कंपनीत 58 आणि शेजारच्या गेटवर 60 असू शकते.

वाक्य नीट वाचा. "ज्या महिन्यात वय पूर्ण होईल त्या महिन्याच्या अखेरीस" असे असेल तर 1 तारखेवाल्याला आदला महिना लागतो. "वय पूर्ण झाल्यावर" एवढेच असेल आणि महिनाअखेरीचा उल्लेख नसेल, तर जो तो आपापल्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी निवृत्त होतो आणि तिथे 1 तारखेला काही वेगळे स्थान उरत नाही. आजवर कंपनीत 1 तारखेच्या लोकांना कोणत्या तारखेला निरोप दिला, हेही युनियनकडून काढून घ्या. वादात प्रथेलाही वजन असते.

16. पेन्शन कोणत्या तारखेपासून सुरू होते?

निवृत्तीचा दिवस हा कामाचा दिवस धरतात, म्हणून पेन्शन दुसऱ्या दिवसापासून. 1 तारखेवाल्याची पेन्शन बरोबर वाढदिवसापासून सुरू होते. मे महिन्याचा पूर्ण पगार आणि जूनची पूर्ण पेन्शन, मध्ये एकही दिवस कोरडा जात नाही. जूनची पेन्शन प्रत्यक्ष खात्यावर येणे हे कोषागारात प्रकरण पोहोचण्यावर अवलंबून असते.

17. मी कित्येक वर्षांपूर्वी 30 जूनला निवृत्त झालो. काल्पनिक वेतनवाढ मागच्या तारखेपासून मिळेल का?

थकबाकीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 20 फेब्रुवारी 2025 च्या आदेशात स्पष्टीकरण दिले आहे. जे स्वतः न्यायालयात गेले नव्हते, त्यांना वाढीव पेन्शन 1 मे 2023 पासून मिळेल, त्याआधीची थकबाकी नाही. ज्यांच्या बाजूने आधीच अंतिम निकाल लागला आहे, त्यांचे निकाल कायम राहतात. अर्ज शेवटच्या कार्यालयाकडे करायचा. सोबत पीपीओची प्रत, शेवटच्या वेतनवाढीची नोंद असलेले सेवापुस्तकाचे पान आणि निवृत्तीचा आदेश जोडा. ते कार्यालय बंद झाले असेल किंवा दुसऱ्यात विलीन झाले असेल, तर त्याचे दप्तर कुणाकडे गेले ते आधी शोधा.

18. केंद्राचा पेन्शनधारक आहे, जन्म 1 ऑगस्ट. 80 वर्षांची जादा पेन्शन 1 जुलैपासून धरायची का? निवृत्तीच्या वेळी तर महिना मागे गेला होता.

नाही, 1 ऑगस्टपासून. केंद्रीय नियमांत यासाठी उदाहरणच दिले आहे: 20 ऑगस्ट 1942 ला जन्मलेल्याला जादा पेन्शन 1 ऑगस्ट 2022 पासून आणि 1 ऑगस्ट 1942 ला जन्मलेल्यालाही 1 ऑगस्ट 2022 पासूनच. इथे वाढदिवस ज्या महिन्यात येतो त्या महिन्याची पहिली तारीख धरतात, म्हणून 1 तारखेवाल्याला आदला महिना मिळत नाही. बँकेला पत्र लिहिण्याआधी आधार, पॅन आणि पीपीओ तिन्हीवरची जन्मतारीख एकच आहे ना, ते पाहा. पीपीओवर जन्मतारीख नसून नुसते वय लिहिलेले असेल, तर आधी शेवटच्या कार्यालयामार्फत तिची नोंद करून घ्यावी लागेल.